सहाव्या दिवशीचा २१

प्रतिक्रिया: "पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर लगेच केलेली टेस्ट नॉर्मल आली तरी विश्वास ठेवू नका, असं तुम्ही लिहिलंत. मग टेस्ट करायचीच कशाला? माझ्या भावाची सहाव्या दिवशी सिनॅक्थेन टेस्ट झाली. इंजेक्शनआधी कॉर्टिसॉल ४, तासाभराने २१. पास व्हायला १८ लागतात. तरी डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोन बंद करायला तयार नाहीत, आणि त्यात तुमचा लेख वाचून घरचे आणखी घाबरलेत."

नमस्कार. तुमच्या भावाचे डॉक्टर बरोबर वागताहेत असं मला वाटतं, आणि त्याचं कारण तुम्हीच दिलेल्या आकड्यांमध्ये आहे. फक्त तुम्ही २१ कडे बघताय आणि मी ४ कडे.

कॉर्टिसॉल हे ताण झेलायला लागणारं, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचं हार्मोन, आणि हायड्रोकॉर्टिसोनची गोळी म्हणजे तेच बाहेरून. आधी टेस्टमध्ये काय होतं ते बघू. सकाळी आठ-नऊच्या सुमारास पहिलं रक्त घेतात. मग टेट्राकोसॅक्टाइडचं, म्हणजे कृत्रिम एसीटीएचचं, २५० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन शिरेत किंवा स्नायूत देतात आणि ३० व ६० मिनिटांनी पुन्हा कॉर्टिसॉल मोजतात. एसीटीएच हे अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं हार्मोन, आणि ते बनवणं हे एरवी मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचं काम. टेस्टमध्ये ते बाहेरून दिलं जातं, तेही शरीर स्वतः कधी सोडत नाही इतक्या प्रमाणात. म्हणजे घंटा वाजते का एवढंच तपासलं. वाजवणारा माणूस जागेवर आहे का, ते पाहिलंच नाही.

मग पिट्युटरीच्या आजारात ही टेस्ट वापरतात तरी का? कारण एसीटीएच बराच काळ मिळालं नाही की अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा कॉर्टिसॉल बनवणारा थर आक्रसतो, आणि मग मोठा डोस देऊनही ती पुरेसा प्रतिसाद देत नाही. पण हे आक्रसणं एका रात्रीत होत नाही, त्याला काही आठवडे लागतात. तुमच्या भावाच्या अ‍ॅड्रिनलला ऑपरेशनच्या दिवसापर्यंत बहुधा व्यवस्थित एसीटीएच मिळत होतं. सहा दिवसांत ती कुठून आक्रसणार? तिने २१ दिले ते खरेच आहेत, पण ते तिच्या जुन्या तब्येतीवर दिलेत. पिट्युटरी आज काय करतेय याबद्दल तो आकडा गप्प आहे. डोक्याला मार लागल्यावर किंवा पिट्युटरीत अचानक रक्तस्राव झाल्यावरही हेच घडतं. म्हणून साधारण चार ते सहा आठवडे उलटेपर्यंत 'पास' या निकालावर भरवसा ठेवत नाहीत. एक मायक्रोग्रॅमचा कमी डोस देऊनही ही अडचण सुटत नाही, कारण वेळेचा प्रश्न तसाच राहतो.

आता तो ४. सकाळी आठला, तेही ऑपरेशनच्या ताणातून जाणाऱ्या माणसात, कॉर्टिसॉल चांगलं वर असायला हवं. सकाळी ३ च्या खाली म्हणजे कमतरता जवळपास नक्की आणि १५ च्या वर म्हणजे बहुधा नाही, असा ढोबळ हिशोब आहे. ४ कमतरतेच्या अगदी कडेला आहे. अर्थात त्याआधीच्या दिवसांत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलं असेल तर ते स्वतःच पिट्युटरीला दाबतं, त्यामुळे हा आकडाही अंतिम नाही. उलट टेस्टच्या सकाळीच हायड्रोकॉर्टिसोनची गोळी घेतली असेल, तर लॅबचं मशीन तिलाच कॉर्टिसॉल म्हणून मोजतं आणि सगळेच आकडे फुगतात. हे दोन्ही डॉक्टरांना जरूर विचारा.

समजा, २१ बघून गोळ्या बंद केल्या. पहिले काही दिवस भाऊ ठीक वाटेल. मग थकवा, मळमळ, भूक जाणं. पुढे साधा ताप किंवा जुलाब झाले की रक्तदाब कोसळू शकतो. तपासणीत सोडियम कमी दिसेल, पण पोटॅशियम नॉर्मल, कारण पोटॅशियम सांभाळणाऱ्या अल्डोस्टेरॉन या अ‍ॅड्रिनलच्याच दुसऱ्या हार्मोनचा कारभार मुख्यतः एसीटीएचवर नव्हे, तर मूत्रपिंडातून येणाऱ्या रेनिनवर चालतो. त्या नॉर्मल पोटॅशियममुळे "अ‍ॅड्रिनलचा प्रश्न नाही" असं समजून निदान लांबलेलं मी पाहिलं आहे.

आणि १८ हा आकडासुद्धा दगडावरची रेघ नाही. तो जुन्या किट्सच्या काळातला. कॉर्टिसॉल जास्त नेमकं ओळखणाऱ्या नव्या किट्सवर किंवा मास स्पेक्ट्रोमेट्रीवर निरोगी माणसाचाही आकडा कमी येतो, म्हणून तिथे १४-१५ च्या आसपासची सीमा धरतात. आपल्या लॅबची पद्धत कळल्याशिवाय पास-नापास ठरवू नये.

सहा आठवड्यांनी पुन्हा टेस्ट होईल तेव्हा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, आदल्या दिवशी दुपारनंतरची आणि त्या सकाळची हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रक्त घेऊन होईपर्यंत टाळावी लागेल. तेव्हाही निकाल सीमेवर आला तर इन्सुलिन टेस्टचा विचार होतो. त्यात रक्तातली साखर मुद्दाम ४० च्या खाली नेऊन मेंदूपासून अ‍ॅड्रिनलपर्यंतची सगळी साखळी तपासतात. फिट्स येणाऱ्यांना किंवा हृदयविकार असणाऱ्यांना ती करत नाहीत. तोवर गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर पुढच्या डोसची वाट न बघता थेट इस्पितळ गाठा. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लागेल.