कोपऱ्यातली वस्तू पुसली की फोटोत काय बदलतं?

"फोटो सगळेच एडिट करतात, कॅमेरासुद्धा करतो. मग कोपऱ्यातली नको ती वस्तू पुसली किंवा पांढरट आकाशाच्या जागी छान आकाश लावलं, तर एवढा गहजब कशाला? मुख्य विषय खरा आहे ना, मग फोटो खराच. आणि फारच वाटत असेल तर खाली 'एडिटेड' लिहा, विषय संपला."

हा मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच पुढची पटकन पटतात. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाचे आधी आकडे होतात. त्यांचं चित्र करताना उजेड, रंगछटा, कडांची धार हे सगळं कुणाला तरी ठरवावंच लागतं, मग ते कॅमेऱ्याने ठरवो किंवा माणसाने. अंधारात फोन एकामागोमाग अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकत्र करून एक फोटो देतो. पण या सगळ्यात वापरला जाणारा प्रकाश त्या जागेवरून, त्या काही क्षणांत भिंगापर्यंत आलेला असतो.

पुसण्याचं तसं नाही. वस्तू पुसली की चित्रात तिच्या आकाराचं भोक पडतं आणि ते कशाने तरी भरावं लागतं. सॉफ्टवेअर शेजारची माती, गवत, भिंत उचलून तिथे चिकटवतं किंवा तिथे काय असू शकेल याचा अंदाज बांधून नवं काही तयार करतं. त्या वस्तूच्या मागे खरोखर काय होतं ते भिंगाने पाहिलेलंच नसतं. म्हणून वस्तू 'फक्त काढली' असं कधीच होत नाही. प्रत्येक वेळी तिच्या जागी काहीतरी घातलेलं असतं, आणि ते रचलेलं असतं.

असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचा नियम याच रेषेवर उभा आहे. उजेड-अंधार माफक कमी-जास्त करा, क्रॉप करा, सेन्सरवरच्या धुळीचे ठिपकेही काढा. पण दृश्यातली कोणतीही गोष्ट काढायची नाही आणि नवी घालायची नाही. धुळीला मुभा का, हे समजलं की सगळा नियम समजतो. धूळ कॅमेऱ्यात होती, समोरच्या दृश्यात नव्हती.

आता 'मुख्य विषय खरा आहे' या युक्तिवादाकडे येऊ. तो तपासायला नार्सिसो कॉन्ट्रेरास यांच्या प्रकरणाइतकं नेमकं उदाहरण मला दुसरं माहीत नाही, कारण त्यात या युक्तिवादाच्या बाजूने जे काही म्हणता येईल ते सगळं आहे. कॉन्ट्रेरास एपीसाठी काम करणारे छायाचित्रकार. सीरियातल्या युद्धाच्या छायाचित्रांसाठी २०१३ चं पुलित्झर पारितोषिक मिळालेल्या एपीच्या चमूत तेही होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी गोळीबारात आडोसा घेणाऱ्या एका बंडखोर सैनिकाचा फोटो काढला. चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात एका सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा जमिनीवर पडलेला होता. पाहणाऱ्याचं लक्ष तिकडे जाईल असं वाटून त्यांनी शेजारचीच जमीन त्यावर क्लोन केली आणि फोटो पाठवला.

सैनिक, चकमक, जागा, तारीख, सगळं खरं होतं. कोपऱ्याला बातमीच्या दृष्टीने फारसं महत्त्व नाही, हे एपीनेही मान्य केलं. तरीही हा प्रकार उघड झाल्यावर जानेवारी २०१४ मध्ये संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले आणि त्यांचे जवळपास ५०० फोटो मूळ प्रतींशी ताडून पाहिले. त्यांपैकी दुसऱ्या कुठल्याही फोटोत फेरफार सापडला नाही.

शिक्षा जास्त झाली का, यावर मतभेद होऊ शकतात. पण फोटो बदलला होता की नाही, यावर मला शंका वाटत नाही. कॅमेरा दिसत असताना पाहणाऱ्याला कळतं की त्या सैनिकाजवळ पत्रकार होते, किमान दोघे, आणि अगदी जवळ. तो काढल्यावर सैनिक तिथे एकटाच असल्यासारखा वाटतो. युद्धाचा फोटो वाचताना ही माहिती गौण नसते. छायाचित्रकाराला जे 'लक्ष विचलित करणारं' वाटलं, तेच एखाद्या वाचकाला सर्वात बोलकं वाटू शकलं असतं. काय मुख्य आणि काय गौण, हा निवाडा वाचकाच्या नकळत उरकला गेला, आणि तो फिरवण्याचा मार्ग वाचकाकडे राहिला नाही.

दोन खरे फोटो जोडले तर? २००३ मध्ये इराकमधल्या बसराजवळ लॉस एंजेलिस टाइम्सचे छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी थोड्याच अंतराने काढलेले दोन फोटो एकत्र केले. एकातला हातवारे करणारा ब्रिटिश सैनिक जास्त प्रभावी होता, तर दुसऱ्यातला मुलाला उचलून घेतलेला माणूस. दोघेही तिथेच होते. पण जोडलेल्या चित्रात सैनिकाचा तो हात आणि त्या माणसाचं ते पाऊल एकाच क्षणी समोरासमोर येतात, आणि तसा क्षण घडलेलाच नव्हता. मागे बसलेली काही माणसं चित्रात दोनदा आली होती. दुसऱ्या एका वृत्तपत्राच्या कर्मचाऱ्याच्या ते लक्षात आलं आणि वॉल्स्की यांची नोकरी गेली. असा फेरफार शोधायचा असेल तर आजही पहिली नजर तिथेच टाकावी: तोच दगड, तोच गवताचा झुपका, तोच शर्ट पुन्हा दिसतो का?

आकाश बदललं की वेळ आणि हवामान दोन्ही बदलतात. मावळता सूर्य मागे दिसत असेल, तर समोरच्या माणसांच्या सावल्या आपल्याकडे यायला हव्यात आणि चेहरे काळवंडलेले हवेत. चेहरे उजळ आणि सावल्या भलतीकडे, म्हणजे सूर्य उसना आहे. मूळ दिवस ढगाळ असेल, तर वर निळंभोर आकाश लावूनही खाली ठळक सावली पडत नाही. खिडकीच्या काचेत आणि पाण्यात जुनं पांढरं आकाश राहून जातं, झाडाच्या पानांमधूनही ते पांढऱ्या किनारीसारखं डोकावतं. मात्र या खुणा सापडल्या नाहीत म्हणजे फोटो अस्सल, असं समजू नका. काळजीपूर्वक काम करणारा माणूस त्या मिटवू शकतो.

इथे मला त्या मजकुराच्या लेखकाला थोडं पुढे न्यावंसं वाटतं. एकही पिक्सेल न बदलता दिशाभूल होऊ शकते. जानेवारी २०२० मध्ये दावोसला पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एका रांगेत उभ्या होत्या. एपीने फोटो क्रॉप केला तेव्हा डाव्या टोकाच्या युगांडाच्या व्हॅनेसा नकाटे चौकटीबाहेर गेल्या. रांगेतल्या एकमेव कृष्णवर्णीय कार्यकर्तीच्या जाण्याने जगासमोर चार गौरवर्णीय तरुणी उरल्या. मागची इमारत रचनेत खटकत होती म्हणून क्रॉप केला, असं स्पष्टीकरण संस्थेने दिलं आणि नंतर माफीही मागितली. क्रॉप नियमात बसत होता, हेतूही वाईट असेल असं नाही, पण 'तिथे कोण होतं?' या प्रश्नाचं उत्तर चुकलं. म्हणून मी कोणतं टूल वापरलं ते आधी विचारत नाही. हा फोटो पाहून माणूस काय खरं मानेल आणि मूळ फोटो शेजारी ठेवला तर त्यातलं काय मागे घ्यावं लागेल, एवढं विचारतो. काहीच मागे घ्यावं लागणार नसेल, तर लेबलाचीही गरज नाही.

शेवटचं राहिलं 'एडिटेड'. टाइम साप्ताहिकाने जून १९९४ मध्ये खुनाच्या आरोपाखाली अटक झालेला कृष्णवर्णीय अमेरिकन माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर छापताना बराच काळवंडवला. त्याच आठवड्यात न्यूजवीकने तोच फोटो जसाच्या तसा छापला, त्यामुळे दोन्ही अंक शेजारी दिसताच फरक उघडा पडला. टाइमने ते चित्र 'फोटो-इलस्ट्रेशन' असल्याचं छापलं होतं, पण आतल्या अनुक्रमणिकेत. जिथे नजर पडते तिथे लेबल नव्हतं, आणि असतं तरी त्वचा गडद केली आहे हे त्या शब्दातून कुणाला कळणार होतं?

लेबल फोटोच्या लगत हवं आणि त्यात कृती हवी. फोटोओळीत असं लिहा: "आकाश दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी काढलेल्या फोटोतलं आहे. जमीन आणि माणसं मूळ फोटोतली." दोन फोटो जोडले असतील तर: "हे चित्र काही क्षणांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंतून केलं आहे, दोघे या स्थितीत एकाच वेळी नव्हते." दुसरं वाक्य खटकेल, पण नेमकं तेच लिहायचं असतं. उजेड थोडा वाढवलेल्या फोटोवरही 'एडिटेड' आणि माणूस काढून टाकलेल्या फोटोवरही 'एडिटेड' असेल, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

फोटो पुढे पाठवला की ओळ मागे राहते. त्यामुळे दृश्य बदललेल्या फोटोच्या खालच्या कडेला एक पट्टी जोडून तीच ओळ आखूड करून लिहावी. मेटाडेटातही, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवलेल्या माहितीतही, नोंद करावी. वृत्तमाध्यमांसाठी मानकं ठरवणाऱ्या आयपीटीसी या संस्थेच्या मानकात `Digital Source Type` हा रकाना आहे; नुसत्या कॅमेऱ्याच्या फोटोसाठी `digitalCapture`, अनेक फोटो जोडलेले असतील तर `compositeCapture` आणि एआयने तयार केलेला भाग मिसळला असेल तर `compositeWithTrainedAlgorithmicMedia`. फोनमधलं एआय इरेझर वापरून वस्तू पुसली असेल, तर ही तिसरी नोंद लागू होते. पण अनेक ॲप फोटो चढवताना मेटाडेटा गाळून टाकतात आणि स्क्रीनशॉटमध्ये तो येतच नाही. तेव्हा मेटाडेटा पट्टीच्या जोडीला ठेवावा, पट्टीऐवजी नव्हे.

काही ठिकाणी लेबलनेही भागत नाही. कॉन्ट्रेरास यांच्या फोटोखाली खरी ओळ लिहून पाहा: "डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या पत्रकाराचा व्हिडिओ कॅमेरा होता, तो पुसून तिथे जमीन भरली आहे." हे वाचल्यावर कुणीही म्हणेल, मग मूळ फोटोच का नाही दिलात? बातमी, पुरावा, नुकसानीची नोंद, विकायच्या वस्तूचं चित्र, या सगळ्यांत हाच प्रश्न येतो, आणि तिथे मूळ फोटोच द्यावा. एखाद्याची ओळख लपवणं भाग असेल, तर त्याला चित्रातून पुसू नका, चेहरा उघडपणे धूसर करा. तिथे कुणीतरी होतं आणि त्याचा चेहरा झाकला आहे, हे पाहणाऱ्याला त्यातून कळतं. खाली कारणही लिहा: "सुरक्षेसाठी चेहरा धूसर केला आहे, बाकी दृश्य मूळचं."