पाचशे शेअर आणि पाच ओळी

दुपारी दीडची चहाची वेळ. मंदारला एका छोट्या कंपनीचे ५०० शेअर घ्यायचे होते. ॲपवर भाव १४२ दिसत होता आणि त्याचा अंगठा मार्केट ऑर्डरच्या बटणावर होता.

"थांब," नीता म्हणाली. "१४२ हा झालेल्या शेवटच्या सौद्याचा भाव आहे. त्या भावाला आत्ता कोणी विकतंय का, ते आधी बघ. डेप्थ उघड, कोण कोणत्या भावाला किती शेअर घ्यायला आणि विकायला उभं आहे ते तिथे दिसतं."

मंदारने उघडली. खरेदीच्या बाजूला सगळ्यात वरचा भाव १४१.२०, तोही फक्त ८५ शेअरना. विक्रीची बाजू अशी होती:

१४२.९० ला ६०
१४३.४० ला १२०
१४४.७५ ला ९०
१४७.०० ला ४००

पाचवी ओळ त्याहून वरची, म्हणून सोडून दिली. विकणाऱ्याचा सगळ्यात कमी भाव १४२.९० आणि घेणाऱ्याचा सगळ्यात जास्त १४१.२०. मधले १ रुपया ७० पैसे म्हणजे स्प्रेड, साधारण १.२ टक्के. घेतला आणि लगेच विकला, तर बाजार जागचा न हलताही तेवढं नुकसान. ब्रोकरेज आणि कर वेगळे.

"रुपया-दीड रुपयासाठी कोण एवढं बघतं?" मंदार म्हणाला. "शेअर हातात येणं महत्त्वाचं."

सुहासने बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला. मार्केट ऑर्डर म्हणजे 'जो भाव असेल तो चालेल, पण शेअर आत्ता द्या'. एक्स्चेंज वरच्या ओळीपासून उचलत जातं: ६०, मग १२०, मग ९०. झाले २७०. उरलेले २३० शेअर १४७ च्या ओळीतून येणार. एकूण ७२,६१९ रुपये ५० पैसे, म्हणजे सरासरी १४५.२४. स्क्रीनवरच्या १४२ ने ७१,००० झाले असते. १,६१९ रुपये ५० पैसे जास्त, आणि यात कोणी फसवलेलं नाही. समोर माल कमी होता आणि मागणी मोठी होती, एवढंच.

"आणि मग स्क्रीनवर १४७ दिसणार," नीता म्हणाली. "तुला वाटणार शेअर वाढला. तो तूच वर ढकललेला असतो. विकायला गेलास तर घेणारा अजून १४१.२० लाच उभा असेल."

"मग १४१.२० ची लिमिट टाकतो. स्वस्तात मिळेल."

यावर सुहास आणि नीताचं जुंपलं. सुहासचं म्हणणं, टाक आणि वाट बघ. नीताला ते मुळीच पटलं नाही. एकाच भावाला जो आधी आला त्याचा नंबर आधी, म्हणजे मंदार त्या ८५ शेअरच्या मागे. खाली लावून ठेवलेली ऑर्डर पूर्ण कधी होते? कोणीतरी तिथपर्यंत विकत खाली येतो तेव्हा. कंपनीबद्दल वाईट बातमी आली की ती ऑर्डर हमखास भरते, चांगली बातमी आली तर भाव निघून जातो आणि तू रांगेतच राहतोस. साडेतीनला दिवसाची ऑर्डर आपोआप रद्द. थांबायचीही किंमत असते, ती बिलावर छापलेली नसते इतकंच.

मला नीताचं पटतं. लिमिट म्हणजे खाली भाव लावून बसणं, असा अर्थ बरेच जण घेतात, आणि मग कंटाळून मार्केट ऑर्डर टाकतात. खरं तर खरेदीची लिमिट फक्त एवढंच सांगते की याच्या वर एक पैसाही देणार नाही. ती विकणाऱ्याच्या भावाला किंवा त्याच्याही वर लावता येते. १४३.४० ची लिमिट लावली, तर १४२.९० चे ६० शेअर १४२.९० लाच मिळतात, १४३.४० ला नाही.

निफ्टीतला हजार-दीड हजाराचा मोठा शेअर असेल, स्प्रेड दहा-वीस पैसे आणि पहिल्याच ओळीत शेकडो शेअर, तर ५० शेअरसाठी मार्केट ऑर्डरने फारसं बिघडत नाही. तरी सव्वानऊला बाजार उघडतानाच्या पहिल्या काही मिनिटांत तिथेही ती नको, कारण ऑर्डर पोहोचेपर्यंत ओळी बदललेल्या असतात.

मंदारने १४३.४० ला ५०० ची लिमिट टाकली. १८० लगेच आले, सरासरी १४३.२३. उरलेले ३२० आता खरेदीच्या बाजूला सगळ्यात वर दिसू लागले, १४३.४० ला. समोरची पहिली ओळ १४४.७५. म्हणजे स्प्रेड १.३५ वर आला, तोही त्याच्याच ऑर्डरमुळे.

"वाढवू का १४४.७५ पर्यंत?" त्याने विचारलं.

"तिथे ९० च आहेत," नीता म्हणाली. "तू आता रांगेत पहिला आहेस. घाईने विकणाऱ्याला सगळ्यात चांगला भाव तूच देतोयस. तीनपर्यंत बघ, मग ठरव."

चहाचे पैसे देईपर्यंत ३२० चे २४५ झाले होते.