दुष्फेन

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही त्याला ‘दुष्फेन’ म्हणत असत आणि तो शब्द मला परीक्षेपुरताच उपयोगी पडेल असे वाटले होते. पुण्याच्या वेशीवरच्या आमच्या सोसायटीत बोअरवेल आणि टँकर यांचे मिश्र पाणी येऊ लागले आणि गिझर पाणी तापवताना पोटात खडे घेऊन बसल्यासारखा कुरकुरू लागला, तेव्हा तो शब्द चाळीस वर्षांनी परत आला. आईने निदान आधीच केले होते. “पाणी जड आहे, तुरीची डाळ शिजत नाही,” असे ती दोन महिने सांगत होती. पण डाळीच्या साक्षीवर माझ्यासारख्या शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने विसंबणे बरे दिसले नसते.

पहिला प्रयोग मी भांडी घासण्याच्या द्रवाने केला. दोन थेंब टाकून बाटली हलवली, तर फेस बुचाबाहेर आला. “पाणी उत्तम आहे,” असे मी घरात जाहीर केले. नंतर लक्षात आले, की हा द्रव साबण नसून डिटर्जंट असतो आणि तो कॅल्शियम-मॅग्नेशियमला फारशी दाद देत नाही. खरा साबण मात्र आधी त्या क्षारांशी संयोग पावतो, त्याचा न विरघळणारा पांढरा साका होतो आणि क्षार संपल्यावरच फेस धरतो. म्हणजे साबण किती वाया गेला, हेच या चाचणीचे माप असते.

दुसऱ्या दिवशी अंगाच्या साबणाची वडी किसणीवर किसली. (किसणी नारळाची होती, त्याबद्दल घरात झालेली चर्चा येथे देत नाही.) २ ग्रॅम कीस १०० मिलिलिटर कोमट पावसाच्या पाण्यात विरघळवला. हे द्रावण गार झाले की दाट होते, म्हणून ते कोमटच ठेवावे लागते. मग नातवाच्या औषधाची ५ मिलिलिटरची सिरिंज उसनी घेऊन सारख्या आकाराच्या बाटल्यांत प्रत्येकी ५० मिलिलिटर पाणी घेतले आणि थोडे थोडे द्रावण घालून दर वेळी जोरात हलवले. बाटली आडवी ठेवल्यावर फेस पाच मिनिटे टिकला, की थांबायचे. पावसाच्या पाण्याला अर्धा मिलिलिटर पुरला. नळाच्या पाण्यात दह्यासारख्या कण्या तरंगल्या, बाटलीच्या आतून मेणचट वलय बसले आणि साडेचार मिलिलिटरनंतर फेस टिकला. पावसाच्या पाण्याचा अर्धा वजा केला, तर क्षारांनी खाल्लेले चार मिलिलिटर.

चार मिलिलिटर म्हणजे पाणी किती कठीण, हे साबण सांगत नाही. त्यासाठी चाचणीपट्ट्या मागवल्या. पहिली पट्टी मी ओल्या बोटांनी डबीतून काढली आणि पाण्यात बुडवण्यापूर्वीच तिचा रंग बदलला. दुसरी डबीवरच्या सूचनेप्रमाणे बुडवून, झटकून, पंधरा सेकंदांनी वाचली. मात्र न्हाणीघराच्या पिवळ्या दिव्याखाली सौभाग्यवतींना ती जांभळी दिसली आणि मला गुलाबी. खिडकीपाशी उजेडात नेल्यावर एकमत झाले: कठीणता लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते, त्यामुळे आम्ही बचावलो. गिझर मात्र मानके वाचत नाही.

त्याच्यासाठी खरा प्रश्न वेगळा होता: या २५० पैकी तापवल्यावर खाली बसणारे किती? तेच पाणी दहा मिनिटे उकळले, निवू दिले, फडक्यातून गाळले आणि वाफ होऊन उडालेल्याची भरपाई पावसाच्या पाण्याने केली. या वेळी अडीच मिलिलिटर साबण लागला; अर्धा वजा जाता दोन. म्हणजे निम्मी कठीणता बायकार्बोनेटची, उकळल्यावर कार्बोनेट होऊन बसणारी. लिटरमागे १२५ मिलिग्रॅम, रोज शंभर लिटर गरम पाणी धरले तर साडेबारा ग्रॅम, वर्षाला साडेचार किलो! हा आकडा ऐकून सौभाग्यवतींनी गिझरकडे गर्भारशीकडे पाहावे तसे पाहिले. पण मी घाईने खुलासा केला, की गिझर पाणी उकळत नाही, शिवाय बराचसा क्षार पाण्याबरोबर वाहून जातो. आत बसतो तो काही भागच. तोही जसे तापमान वाढेल तसा अधिक बसतो आणि कॉइलवर चढला की कॉइलची उष्णता पाण्यात जाण्याऐवजी कॉइललाच भाजते. कुरकुर त्या थराखाली अडकून उकळणाऱ्या पाण्याची होती.

कपडे धुण्याच्या यंत्रात आम्ही गार पाणी वापरतो, त्यामुळे तेथे थराची भीती कमी आणि पावडर थोडी जास्त, एवढ्यावर निभावले. गिझरचे बटण ७५ वरून ५० अंशांवर आणले आणि दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने कॉइल काढली, तेव्हा ती पांढऱ्या पोवळ्याच्या फांदीसारखी दिसत होती.

“साहेब, पाणी तपासलंत का?” त्याने विचारले. मी सिरिंज, किसणी आणि दोन आकडे घेऊन पुढे झालो, पण आई आधी बोलली: “अरे, उकळून गाळलेल्या पाण्यात काल डाळ टाकली होती मी. दोन शिट्ट्यांत लोणी!”