लॅमिनेट केलेलं मंजुरीपत्र

आज दुपारी शिष्यवृत्तीचं एक मंजुरीपत्र हातात आलं. लॅमिनेट केलेलं. भेकराईनगरला रिक्षा चालवणारे एक ओळखीचे दादा आहेत. मुलीच्या मोबाइलवर आलेलं पीडीएफ त्यांनी रंगीत छापून घेतलं आणि वर प्लास्टिक चढवून आणलं. सरकारी कागद आहे, पावसात भिजायला नको. "ताई, एवढं बघा, पुढचे पैसे भरू ना?" म्हणाले.

पुढचे. म्हणजे आधीचे गेलेले होते. ४९९ रुपये 'नोंदणी शुल्क'. आता १,९५० रुपये 'प्रक्रिया शुल्क व जीएसटी', चोवीस तासांत, नाहीतर ४८,५०० रुपयांचा मंजूर निधी 'शासनजमा' होणार.

ही पोस्ट वाचून कुणी "लोक फसतातच कसे" असं खाली लिहिणार असेल तर आत्ताच सांगते, लिहू नका. पत्रावर राजमुद्रा, पुण्यातल्याच एका आयुक्तालयाचं नाव, जावक क्रमांक, गोल शिक्का, निळ्या शाईतली सही. भाषाही अगदी आपल्या कार्यालयाची, 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की'. तुम्ही आम्ही तरी काय ओळखणार होतो?

आणि वर शासन निर्णयाचा संकेताक. इथेच शिकलेली माणसंसुद्धा पाघळतात. महाराष्ट्र शासनाच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेताक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, तारीख. तो gr.maharashtra.gov.in वर टाकला की मूळ निर्णय उघडतो. दादांच्या पुतण्याने ते केलंही. निर्णय उघडला, योजनेचं नाव जुळलं, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. अहो, पण शासन निर्णय हा सगळ्यांसाठी उघडा कागद आहे. तो मला सापडतो, तुम्हाला सापडतो, तसाच भामट्यालाही सापडतो. संकेताक खरा निघाला याचा अर्थ ती योजना अस्तित्वात आहे, एवढाच. हे पत्र त्या योजनेतून निघालं असा मुळीच नाही. तोच निर्णय खालपर्यंत वाचला असता तर पैसे मिळण्यासाठी विद्यार्थ्याने प्रक्रिया शुल्क भरावं असं त्यात एकही वाक्य नव्हतं, हेही दिसलं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की कागद तपासत बसू नका. शिक्का गोल आहे का, सही खरी वाटते का, शुद्धलेखन चुकलंय का, यातून काही हाती लागत नाही. खऱ्या कार्यालयाच्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका कमी असतात असं कुणी सांगितलं? दोनच गोष्टी बघा. अर्ज कुठे आहे, आणि पैसा कुठून कुठे चाललाय.

आधी अर्ज. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची शिष्यवृत्ती पत्राने मंजूर होत नाही, ती अर्जावर मंजूर होते. विद्यार्थी अर्ज भरतो, तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे संबंधित विभागाकडे. प्रत्येक टप्प्यावर त्या अर्जाची स्थिती बदलते आणि ती विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये दिसते. म्हणजे पत्र आलं की ते बाजूला ठेवायचं, पत्ता स्वतः टाइप करायचा (mahadbt.maharashtra.gov.in, केंद्राच्या योजनांसाठी scholarships.gov.in), लॉगिन करायचं आणि अर्ज केलेल्या योजनांची यादी उघडायची. तिथे अर्ज 'मंजूर' नसेल तर पत्रातली मंजुरी कुणीतरी घरी बसून टाइप केलेली आहे. अर्जच केलेला नसेल तर विषय तिथेच मिटला. लॉगिन विसरलं असेल तर कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर अर्ज क्रमांक घेऊन जा, त्यांच्या लॉगिनलाही तो दिसतो.

पत्ता टाइप करा असं सांगतेय, कारण त्या पत्रातली लिंक साधारण अशी होती. खरं नाव देत नाही, कुणीतरी दाबेल.

```
https://mahadbt.maharashtra.gov.in.example.com/pay
```

सुरुवातीला नजर फिरते, 'महाडीबीटी' दिसतं, 'गव्ह डॉट इन' दिसतं, मन निवांत होतं. पण पत्ता वाचायचा उलट्या बाजूने. https:// नंतर जी पहिली तिरकी रेघ येते तिच्या लगेच डावीकडे काय आहे ते बघायचं. खऱ्या पत्त्यात तिथे gov.in किंवा nic.in असतं आणि ती नावं सरकारी यंत्रणांनाच मिळतात. या लिंकमध्ये त्या जागी example.com आहे, म्हणजे घर त्याचं. आधीचं सगळं त्याने दारावर रंगवलेली पाटी.

हो, मान्य, हा नियम शंभर टक्के चालत नाही. आपल्या सीईटी सेलचंच संकेतस्थळ mahacet.org वर आहे, आणि ते खरं आहे. gov.in नाही म्हणून सगळंच खोटं नसतं. असो.

आता पैसा. दादांच्या घरच्यांना खटकायला हवं होतं (हे मी शांतपणे लिहितेय, दुपारी शांत नव्हते) ते असं, की ४८,५०० देणारा १,९५० वेगळे का मागतोय? शुल्क असतं तर त्यातूनच कापून घेतलं असतं. शिष्यवृत्तीची रक्कम थेट आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जाते. एका आधारला अशा लाभासाठी एका वेळी एकच बँक जोडलेली असते, आणि ती कोणती हे myaadhaar.uidai.gov.in वर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. बँकेचं नाव आणि 'अ‍ॅक्टिव्ह' असं आलं की काम झालं. त्यामुळे लिंकवर खाते क्रमांक, कार्डचा नंबर, ओटीपी मागणाऱ्याला त्यातलं काहीच लागत नाही. लागतं ते फक्त तुमचं खातं रिकामं करायला.

मंजूर झालेली खरी शिष्यवृत्ती अडकते ती बहुतेक इथेच. जोडणी 'इनअ‍ॅक्टिव्ह' असते, किंवा जुन्या, वापरात नसलेल्या बँकेशी असते. त्यावर उपाय म्हणजे बँकेच्या शाखेत जाऊन आधार जोडणीचा फॉर्म भरणं. क्यूआरवर पैसे पाठवून अडकलेली रक्कम सुटत नाही. दादांना पैसे भरायला पाठवलेल्या क्यूआरचं तर नवलच. मी तो माझ्या फोनवर स्कॅन केला. पिन टाकायच्या आधी पैसे कुणाला जाणार ते नाव येतंच. आयुक्तालय राहिलं बाजूला, तिथे एका माणसाचं नाव आणि आडनाव. पुतण्याने ४९९ भरताना ते पाहिलं होतं. त्याला वाटलं, साहेबांचं असेल!

शासन पैसे घेतच नाही असं मात्र सांगू नका कुणाला, ते चूक आहे. दाखल्याला शुल्क लागतं, सीईटीला लागतं, प्रवेश प्रक्रियेला लागतं. पण ते भरल्यावर पावती मिळते. राज्याच्या तिजोरीत जाणारी रक्कम 'ग्रास'वर, म्हणजे gras.mahakosh.gov.in वर, चलनाने भरली की 'एमएच'ने सुरू होणारा जीआरएन क्रमांक मिळतो. दादांकडे ४९९ ची पावती म्हणून होता तो व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा. 👍

पण ते का फसले हे समजल्यावर माझा राग दुसरीकडे वळला. मुलगी अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र आहे. या योजनेत केंद्राचा हिस्सा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. २०२१-२२ पासून केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने कॉलेजला भरायची असते. म्हणजे 'शिष्यवृत्ती आली, आता पैसे भरा' ही मागणी इथे खरी असू शकते! त्याच आठवड्यात तिच्या वर्गाच्या ग्रुपवर कॉलेजची तशी सूचना पडली होती. लेटरहेड नाही, सही नाही, लिपिकाच्या खासगी नंबरवरून आलेला मोबाइलने काढलेला तिरका फोटो, आणि खाली 'त्वरित भरावे अन्यथा जबाबदारी विद्यार्थ्याची राहील'. आता सांगा, त्या मुलीने कुठला कागद खरा मानायचा? खोटं पत्र लॅमिनेट करण्याइतकं देखणं आणि खरी सूचना चुरगाळलेली. लोकांना अशाच सूचनांवर पैसे भरायची सवय लावायची आणि मग पोस्टर लावायचं 'सावध राहा'. वा!

अशी मागणी आली तर एकच क्रम ठेवा. आधी बँकेत रक्कम जमा झाली का ते पासबुकात बघा. जमा झालीच नसेल तर कॉलेजला तसं लेखी द्या आणि पोच घ्या. झाली असेल तर मंजूर शुल्काचा तक्ता मागा, त्यातलं शिकवणी शुल्क किती आणि इतर किती ते विचारा, आणि पैसे कॉलेजच्या नावच्या खात्यातच भरून छापील पावती घ्या. लिपिकाच्या गुगल पेवर नाही, मग तो कितीही सज्जन असो. असतात सज्जन, खूप असतात. तरी नाही.

दादांचे ४९९ परत येतील का माहीत नाही. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावला, यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक दिला, cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं, क्यूआर आणि ते पत्र पुरावा म्हणून ठेवलंय. मुलगी त्या नंबरला ब्लॉक करून संभाषण उडवायला निघाली होती, तिला थांबवलं. हे फोन लवकर केलेले बरे, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकला की थांबवणं अवघड होत जातं.

मग शेवटी तिचं खरं लॉगिन उघडलं. अर्ज होता. मंजूर नव्हता, नाकारलेलाही नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी कॉलेजकडून परत पाठवलेला होता, शेरा: उत्पन्नाचा दाखला मुदतबाह्य. दाखल्यावर ३१ मार्चपर्यंत वैध असं स्वच्छ छापलेलं होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही. घरात सगळे त्या प्लास्टिकमधल्या कागदाकडे बघत होते आणि खरा निरोप तिकडे लॉगिनमध्ये पडून होता.

दादा गप्प बसले होते. मग म्हणाले, "नवीन दाखल्याला पैसे लागतात का ताई?" म्हटलं लागतात, थोडे. उद्या सकाळी सेवा केंद्रात जाऊ, रेशनकार्ड, आधार आणि जुना दाखला घेऊन या. पावती मागून घ्यायची.

"आणि हे?" लॅमिनेट केलेलं पत्र हातात धरून त्यांनी विचारलं. म्हटलं तेही आणा, पोलिसांनी मागितलं तर लागेल.