'सगळी औषधं फ्लश करा' : हे सरकारने सांगितलेलं नाही

"एक्सपायर झालेली सगळी औषधं संडासात टाकून फ्लश करा, आता सरकारनंच सांगितलंय. पाण्यात विरघळून जातात, त्रास संपला. कचरागाडीत टाकाल तर कोणीतरी वेचून, नवीन तारीख छापून परत विकेल."

इंदूरच्या आपल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या ग्रुपवर हा निरोप फिरतो आहे. त्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो जास्त घातक वाटतो.

मे 2025 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने, म्हणजे सीडीएससीओने, मार्गदर्शिका काढली. फ्लश करण्याची सूचना तिच्यात आहे, पण ती फक्त 17 नावांच्या यादीपुरती. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडोल, टॅपेंटाडोल, ब्युप्रेनॉर्फिन, डायझेपाम अशी ती नावं आहेत. बहुतेक तीव्र वेदनाशामक, आणि काही मेंदूवर काम करणारी. यातली काही औषधं लहान मुलाने चुकून एकदाच घेतली तरी श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. कॅन्सरच्या रुग्णाला लावलेला फेंटानिलचा पॅच काढल्यावरही त्यात बरंच औषध शिल्लक असतं. असा पॅच डब्यात पडून राहण्याचा धोका पाण्यात जाण्याच्या धोक्यापेक्षा मोठा, असा हिशोब करून ही सवलत दिली आहे. बीपी, साखर, थायरॉईडच्या गोळ्या, अँटिबायोटिक, खोकल्याचं औषध यांतलं काहीही त्या यादीत नाही.

विरघळण्याबद्दल. गोळी दिसेनाशी होते, औषध तसंच राहतं. कबीटखेडीसारख्या सांडपाणी प्रकल्पात जिवाणू मैल्यातला सेंद्रिय भाग खातात. प्रकल्पाची रचनाच त्यासाठी आहे. औषधांचे रेणू त्यातून कमीजास्त प्रमाणात निसटतात. फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिन तर जवळजवळ जसंच्या तसं बाहेर पडतं. अँटिबायोटिकचा प्रश्न वेगळा आहे. टाकीत कोट्यवधी जिवाणू आधीच असतात, त्यांना औषधाची थोडी थोडी मात्रा मिळत राहिली की त्या औषधाला न जुमानणारे टिकतात आणि वाढतात. आपलं पाणी कान्ह नदीत जातं, आणि कान्ह उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. सांडपाण्यातलं बरंचसं औषध आपल्या लघवीतून येतं हे खरं, आणि ते थांबवता येत नाही. न वापरलेली गोळी मात्र नक्की थांबवता येते.

परत विकलं जाण्याची भीती मला रास्त वाटते. पण तिच्यावर उपाय कात्रीचा आहे. गोळ्या स्ट्रिपमधून काढून घ्या आणि रिकाम्या स्ट्रिपवर बॅच नंबर आणि तारीख जिथे छापली आहे तिथे आडवं कापा. खोक्याचेही तुकडे करा. गोळ्या न कुटता माती किंवा वापरलेल्या चहापत्तीत मिसळून जाड पिशवीत घट्ट बांधा. कोणी वेचली तरी त्या विकण्याजोग्या उरत नाहीत.

ही पिशवी ओल्या कचऱ्यात अजिबात टाकू नका. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो आणि त्याचं खत होतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी मुदत संपलेल्या औषधांना घरगुती घातक कचरा मानलं, आणि निगमच्या गाडीला त्याचा वेगळा कप्पा आहे. पिशवीवर 'औषधे' असं लिहून गाडीवरच्या माणसाच्या हाती द्या.

समजा रामबागेतल्या एका घरात आजी गेल्या आणि त्यांचा डबा उरला. आधी प्रत्येक स्ट्रिपवरचं औषधाचं मूळ नाव वाचा, कंपनीने दिलेलं नाही. मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि अर्धी राहिलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप वर सांगितल्याप्रमाणे पिशवीत जातील. दुखण्याच्या गोळीवर पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडोल लिहिलेलं असेल तर ती यादीतली समजा आणि फ्लश करा. पॅच असेल तर चिकट बाजू आत करून दुमडा, मग फ्लश करा. कफ सिरप सिंकमध्ये ओतू नका, झाकण घट्ट लावून बाटली त्याच कप्प्यात द्या. इन्सुलिनच्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून चिकटपट्टी लावा, नाहीतर त्या सफाई कामगाराच्या हातात घुसतात. कॅन्सरच्या गोळ्या स्ट्रिपमधून काढूच नका, मोडूही नका. त्या जिथून उपचार चालू होते त्या रुग्णालयात विचारून परत द्या. दम्याचा पंप रिकामा वाटला तरी त्यात दाबाखालचा वायू असतो. त्याला भोक पाडू नका, जाळू नका, तसाच गाडीच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात द्या.