दहा जणांना सोयीची वेळ

आज संध्याकाळी सहा वाजता आमच्या टीमची मीटिंग झाली आणि माझी एक सहकारी ती रिक्षात बसून, फोन म्यूट करून ऐकत होती. तिच्या मुलीचे पाळणाघर साडेसहाला बंद होते. पावणेसहा ते साडेसहा ही वेळ तिच्या कॅलेंडरवर रोज अडवलेली असते आणि ती कशासाठी, हे आमच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तरीही ‘दहाही जणांना जमेल अशी ही एकच वेळ आहे’ असे लिहून निमंत्रण आले. म्हणजे तिची गणती दहात होती, तिच्या अडचणीची मात्र नव्हती.

हिशेब सांगतो. आम्ही सहा जण पुण्यात, दोघे लंडनला आणि दोघे न्यू जर्सीत. पुण्यातल्या चौघांचे ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, उरलेल्या दोघांची पाळी दुपारी बारा ते रात्री नऊ. न्यू जर्सीचे दोघे सकाळी साडेआठला कामाला बसतात, तेव्हा तिकडच्या सध्याच्या उन्हाळी वेळेनुसार आपल्याकडे संध्याकाळचे सहा आणि लंडनला दुपारचा दीड वाजलेला असतो. म्हणजे सगळे एकाच वेळी कामावर असण्याचा काळ दिवसाकाठी जेमतेम अर्धा तास. त्यातही लंडनच्या एकाची शुक्रवारी सुटी असते. उरले आठवड्याचे चार अर्धे तास आणि ते चारही नेमके पाळणाघराच्या वेळेवर.

समजा, सगळे एकाच गावात आहेत आणि प्रत्येकाचे निम्मे कॅलेंडर रिकामे आहे. तरीही एखादा अर्धा तास दहाही जणांना मोकळा सापडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक, आणि चाळीस तासांच्या आठवड्यात अर्धे तास असतात ८०. पाचच जण हवे असतील, तर हीच शक्यता ३२ मध्ये एक होते आणि आठवड्यात दोन-तीन जागा निघतात. लोकांच्या रिकाम्या वेळा अशा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, जेवणाची सुटी साधारण सगळ्यांची एकदमच असते, हे मान्य. पण म्हणून दहांचे गणित सुटत नाही.

म्हणून ‘कधी जमेल’ हे विचारण्याआधी ‘कोण नसेल तर निर्णय अडेल’ हे विचारायला हवे. आजचा विषय होता नवी आवृत्ती कोणत्या तारखेला द्यायची. त्यासाठी पुण्यातले तिघे, लंडनचा एक आणि न्यू जर्सीची एक, एवढे पाच जण पुरेसे होते. रिक्षातल्या माझ्या सहकारीला संपूर्ण मीटिंगमध्ये एकच प्रश्न विचारला गेला, चाचणीतले किती दोष अजून बाकी आहेत, आणि तो आकडा तिने कालच मेलने कळवलेला होता! मेल कोणी उघडला नव्हता, म्हणून एका आईने लेकीचा हात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे आणि तोच आकडा पुन्हा वाचून दाखवायचा. याला समन्वय म्हणत असतील, तर मला तो शब्द नको.

वेळ ठरवण्यासाठी पोल घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. पोल वाईट नसतो. पण नऊ जणांची उत्तरे त्याच दिवशी येतात, दहावा तीन दिवसांनी खुणा करतो आणि तोवर पहिल्या नऊ जणांच्या त्या वेळा दुसऱ्याच मीटिंगांनी भरलेल्या असतात. शिवाय कॅलेंडरला हलवता येणारे आणि न हलवता येणारे यांतला फरक कळत नाही. कोणी ‘शांतपणे काम’ म्हणून राखलेले दोन तास आणि पाळणाघराची पाऊण तासाची वेळ, दोन्ही त्याला सारखीच व्यग्र दिसतात. तो फरक माणसालाच विचारावा लागतो, आणि आज तो विचारला गेला नाही.

आमच्या व्यवस्थापकांविषयी मी जरा जास्तच तापून लिहिले असेन. न्यू जर्सीच्या लोकांना लवकर बसायला सांगणे त्यांच्याही जिवावर येते, आणि तिकडच्यांनाही लहान मुले आहेतच. म्हणून मी सुचवले आहे की, दहाही जण खरोखरच हवे असतील तेव्हा गैरसोय पाळीपाळीने घ्यावी. एका वेळी न्यू जर्सीने सकाळी साडेसातला यावे, म्हणजे आपल्याकडे पाच वाजतील आणि लंडनच्या दोघांचे जेवण तासभर पुढे जाईल. पुढच्या वेळी पुण्याने रात्री आठला घरून बसावे. अर्थात, ही मांडणी उन्हाळी वेळेपुरतीच चालेल. लंडनची घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातील, न्यू जर्सीची नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. त्यानंतर पुण्यातले पाच म्हणजे न्यू जर्सीत पहाटेचे साडेसहा, आणि तेव्हा हीच बोलणी पुन्हा करावी लागतील. निदान तोपर्यंत पावणेसहा ते साडेसहा या वेळेत कोणी निमंत्रण टाकू नये, एवढे मी आजच लेखी मागितले आहे.