भांडण बसमधलं, एक तारा कुंद्याला

बसमध्ये मराठी-कन्नडवरून कुणीतरी कुणाला काहीतरी बोललं, त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ फिरला, आणि आमच्या काकांच्या कुंद्याच्या मिठाईच्या दुकानाला नकाशाच्या ॲपवर दोन रात्रींत साठ एक-तारे पडले. बस काकांची नाही, कंडक्टर काकांचा नाही, व्हिडिओतला एकही माणूस आमच्या दुकानाची पायरी चढलेला नाही. दुकान बेळगावात आहे आणि मालक मराठी आहे, एवढं त्यांना पुरलं.

आणि मार एकाच बाजूनं असता तरी समजून घेतलं असतं. एकानं कन्नडमधून लिहिलंय, इथं राहून मराठी बोलतात, यांच्याकडून काही घेऊ नका. त्याच्या बरोबर खाली पुण्याचा कुणीतरी लिहितो, पाटीवर कन्नड एवढं मोठं आणि मराठी खाली बारीक, लाज नाही वाटत? अरे, पाटीवर साठ टक्के कन्नड पाहिजे असा 2024 चा कायदा आहे. पाटी बदलली नाही तर नोटीस येते, तिला तोंड द्यायला पुण्याहून कोण येणार आहे? 2022 च्या डिसेंबरात बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, तेव्हाही सोसलं ड्रायव्हरांनी. 2025 च्या फेब्रुवारीत कंडक्टरला मारहाण झाली, दोन्हीकडच्या बस बंद पडल्या, तेव्हा ताटकळले ते कॉलेजची पोरं आणि दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं. भांडणारे कधीच अडकत नाहीत. आता तर घरी गादीवर पडून दगड मारता येतो.

"पडू देत की, आपला कुंदा खाणाऱ्याला माहीत आहे," असं काका म्हणाले. काका, जुन्या गिऱ्हाईकाला माहीत आहे. गोव्याला जाताना वाटेत थांबणारा फोनवर बघूनच येतो. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. आधी 180 जणांनी मिळून 4.6 दिले होते. त्यात साठ एक-तारे मिळवले की साधी सरासरी येते 3.7. इथपर्यंत कुणालाही कळतं. कळत नाही ते पुढचं. परत 4.6 वर यायला लागोपाठ 540 जणांनी पाच तारे द्यायला पाहिजेत, मधे एकही चार-तारा न येता. एवढी वर्षं दुकान चालवून 180 जमले होते! पाडायला दोन रात्री लागल्या, चढायला काकांचं उरलेलं आयुष्य लागेल. म्हणून "दुर्लक्ष करा, विसरतील लोक" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. लोक विसरतात, सरासरी विसरत नाही.

मी रात्री बसून एकेक नाव उघडून बघितलं. ओळखायला काही अवघड नाही. त्याच रात्री त्याच माणसानं बेळगावातल्या पाचसहा दुकानांना एक-एक तारा टाकलाय, त्यात एक टायरवाला आणि एक चष्मेवाला. काही खाती अशी की आयुष्यात हाच एक अभिप्राय. फोटो नाही, काय घेतलं ते नाही, कुंद्याचं नाव नाही, सगळं लिखाण बातमीवर. आणि निम्मे तर नुसते तारे टाकून पसार, एक अक्षर नाही. हेच सगळ्यांत वाईट, कारण शब्दच नसले तर विषय सोडून लिहिलंय हे सिद्ध कसं करायचं?

नकाशाच्या ॲपवाल्यांचा स्वतःचा नियम आहे, अभिप्राय स्वतःच्या अनुभवावर पाहिजे, राजकीय-सामाजिक मतं तिथं मांडायची नाहीत. नियम चांगला आहे. मी तारखेसकट सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढले, एकेकाचे तीन ठिपके दाबून 'विषयाशी संबंध नाही' या कारणाखाली तक्रार केली. काही दिवसांनी उत्तर आलं. शिवी होती ते काढले. पाटीवाला मात्र ठेवलाय, म्हणे धोरणाचा भंग आढळला नाही. पाटी दुकानाचीच ना, म्हणून तो दुकानाचा अनुभव! पाटी खाल्लीस का रे तू? त्यावर एकदाच अपील करता येतं, ते केलं, तेही फेटाळलं. नुसत्या ताऱ्यांपैकी एकही हलला नाही.

एक-एक अभिप्राय सुटा वाचून हे कधीच कळणार नाही. साठ मिळून बघितले तरच कळतं, आणि ते बघायची सोय त्यांच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. महिन्याला दोनतीन अभिप्राय येणाऱ्या दुकानाला दोन रात्रींत साठ येतात हे कुठल्याही यंत्राला दिसायला पाहिजे. स्टीम या गेम विकणाऱ्या कंपनीनं 2019 सालीच यावर वाट काढली. अचानक लाट आली की त्यांची यंत्रणा खूण करते, मग माणसं बसून कारण शोधतात, आणि कारण गेमबाहेरचं निघालं तर तेवढ्या दिवसांचे अभिप्राय एकूण गुणांत धरत नाहीत. पुसत नाहीत, कुणाला वाचायचे तर तिथंच असतात. त्या दिवसांत खरं लिहिणाऱ्याचंही मत बाजूला राहतं, हा तोटा आहेच. तरी मला तोच मार्ग बरा वाटतो, कारण त्यात कुणाचं तोंड बंद होत नाही आणि नुसते तारेही आपोआप बाहेर पडतात. अभिप्रायांची साइट चालवणारे येल्पवाले तर अशा वेळी पानावर सूचना लावून नवीन अभिप्राय काही काळ थांबवतात. मग कुंदेवाल्यानं काय पाप केलंय?

गर्दीला तर नावसुद्धा नीट वाचायचं नसतं. 2017 च्या एप्रिलमध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखानं भारताला गरीब म्हटल्याची बातमी आली. कंपनीनं ते नाकारलं, पण लोकांनी तारे पाडले, आणि नाव सारखं म्हणून बिचाऱ्या स्नॅपडीललाही झोडपलं.

त्यात भर म्हणजे ते फोनवाले! रेटिंग पडल्याचा वास लागला की लगेच, "साहेब, शंभर पाच-तारे टाकून देतो, पॅकेज आहे." माझा चुलतभाऊ तयारच झाला होता. मी त्याला सांगितलं, तेही खोटेच अभिप्राय, पकडले गेलो तर खरे 180 पण संशयात येतील. नातेवाइकांच्या ग्रुपवर "सगळ्यांनी पाच टाका" असं टाकणारी आत्याही त्यातच आली. आणि उत्तर द्यायचं तर दोन ओळींत द्या, 'आपण आमच्याकडे आल्याची नोंद दिसत नाही, कुंद्याबद्दल तक्रार असेल तर जरूर सांगा', बस्स. तिथं सीमाप्रश्न सोडवायला बसलात की पुढचे चाळीस तयार.

त्या साठांत दोन खरे निघाले. एकानं लिहिलंय कुंदा कोरडा होता, दुसऱ्यानं सुट्ट्या पैशांवरून काउंटरवरचा पोरगा उद्धट बोलला म्हणून. त्या दोघांची तक्रार मी केलेली नाही. काकांनी कोरड्या कुंद्यावर स्वतः उत्तर लिहायला लावलं, तो घाणा सकाळचा होता आणि जास्त आटला होता म्हणून.

बाकीच्या अठ्ठावन्न जणांनो, तुमच्या खात्यात तुम्ही दिलेले अभिप्राय दिसतात. आमचं दुकान शोधा, ते तीन ठिपके दाबा आणि तो तारा पुसा.